चहाच्या गाडीला सावली हवी, पॅनेलला ऊन

रस्त्यावरच्या चहाच्या गाडीला दिवसभरात दिवे, पंखा आणि मोबाइल चार्जिंग यांच्यासाठी वीज लागते ती जेमतेम पाव युनिट. घरगुती दराने तिची किंमत दोन-तीन रुपये. तरीही त्या विजेसाठी गाडीवाल्याला काय काय करावं लागतं ते कुठल्याही चौकात दिसतं. शेजारच्या दुकानातून वायर ओढून घ्यायची आणि त्याचे रोजचे पैसे मोजायचे. दुकानाचं शटर खाली आलं की दिवा गेला. कुणी खांबावर आकडा टाकतं आणि कारवाई झाली की दंड भरतं. मीटर जागेला मिळतो, आणि चाकांवरच्या गाडीला जागाच नसते. म्हणून गाडीच्या छतावर सोलर बसवायचं ते वीजबिल वाचवण्यासाठी नाही, तर दिवा लावायला दुसऱ्याच्या दुकानाकडे बघावं लागू नये म्हणून. हे आधी नीट लक्षात घेतलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

एक गाडी हिशेबाला घेऊ. सोलापूरसारख्या शहरात एसटी स्टँडबाहेर उभी राहणारी, पत्र्याचं छत असलेली चारचाकी हातगाडी. पहाटे पाचला पहिल्या गाड्यांच्या वेळी शेगडी पेटते, रात्री साडेदहाला बंद होते. पहाटे दीड तास आणि रात्री चार तास उजेड लागतो. त्यासाठी ७ वॅटचे दोन डीसी एलईडी दिवे पुरतात, एक शेगडीवर आणि एक गिऱ्हाइकाच्या बाजूला. साडेपाच तासांचे झाले ७७ वॅट-तास. शेगडीजवळ उभ्या माणसासाठी १५ वॅटचा डीसी पंखा आठ तास चालला तर १२० वॅट-तास. उरलं चार्जिंग. मालकाचा स्वतःचा फोन, पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स, आणि बसची वाट पाहणाऱ्या तीन-चार गिऱ्हाइकांचे अर्धवट उतरलेले फोन. हल्लीच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते. चार्जरमध्ये जाणारी वीज धरली तर शून्यापासून पूर्ण भरायला २५ च्या आसपास लागतात. हे सगळं मिळून ८० धरू. एकूण बेरीज २७७, म्हणजे पाव युनिटाहून थोडी जास्त.

मग याच किटावर चहाही का उकळू नये, असं पुष्कळांना वाटतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला ८० वॅट-तासांच्या वर ऊर्जा लागते. म्हणजे गाडीची दिवसभराची सगळी वीज जेमतेम साडेतीन लिटर पाण्यात संपेल, आणि गाडीवर तर सकाळच्या एका गर्दीतच त्याहून मोठं पातेलं उकळतं. उष्णतेचं काम गॅसकडेच राहू द्यावं.

२७७ वॅट-तास मिळवायला १०० वॅटचं एक पॅनेल लागतं. सोलापुरात चांगल्या दिवशी पाच तासांच्या कडक उन्हाइतकं ऊन मिळतं, त्या हिशेबाने पाटीवर ५०० वॅट-तास दिसतात. हातात येतात ३०० च्या आसपास. पत्र्यावर तापलेलं पॅनेल साठ अंशांच्या वर जातं आणि २५ अंशांनंतरच्या दर अंशाला त्याची ताकद अर्ध्या टक्क्यापेक्षा थोडी कमी अशी घटत जाते. त्यात धूळ बसते. शिवाय स्वस्तातला, पीडब्ल्यूएम नावाचा चार्ज कंट्रोलर पॅनेलचा १८ व्होल्टचा दाब बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचून आणतो आणि मधला फरक वाया जातो. एमपीपीटी प्रकारचा महाग कंट्रोलर तो वाचवतो. पण एका पॅनेलच्या किटात त्या जादा पैशांत थोडं मोठं पॅनेल घेतलेलं बरं, असं माझं मत आहे.

पॅनेल छतावर आडवं बसवलं तर ऊन कमी मिळेल ही भीती निम्मी खरी आहे. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पंख्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच, आणि आडव्या पॅनेलला पूर्ण ऊनही तेव्हाच. डिसेंबरात सोलापुरात दुपारी बाराचा सूर्यही क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो, त्यामुळे उत्पादन घटतं. पण तेव्हा पंखा बंद असतो. एक कड दोन-तीन बोटं उचललेली ठेवली की पावसाचं पाणी आणि धूळ वाहून जाते, तेवढा उतार पुरे. पॅनेल आणि पत्रा यांच्यात चार-पाच सेंटिमीटरची फट मात्र हवी. त्या फटीतून वारा खेळला तर पॅनेल कमी तापतं, आणि पत्र्यावर सावली पडल्यामुळे खाली उभ्या माणसालाही थोडा आराम मिळतो.

आता या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवणारी गोष्ट. चहाची गाडी उन्हात उभी राहत नाही. कडुलिंबाखाली, वडाखाली, पुलाच्या किंवा इमारतीच्या सावलीत उभी राहते. गिऱ्हाईकही सावली बघूनच थांबतं. पॅनेलचं मात्र सावलीशी वैर आहे, आणि ते वाटतं त्याहून फार कडवं आहे.

१०० वॅटच्या साध्या पॅनेलमध्ये ३६ काचेखालचे चौकोन, म्हणजे सेल, एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. पाण्याच्या एकाच पाइपात ३६ तोट्या बसवाव्यात तसा हा प्रकार: एक तोटी बंद केली की सगळं पाणी अडतं. एका सेलवर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर, दाट सावली पडली तर सबंध पॅनेलचा प्रवाह जवळजवळ थांबतो. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत सहसा दोन बायपास डायोड असतात. सावलीतल्या १८ सेलना वगळून ते प्रवाह पुढे पाठवतात. मोठ्या यंत्रणेत ते उपयोगी पडतं. पण आपल्या एकुलत्या पॅनेलचे उरलेले १८ सेल नऊच व्होल्टचा दाब देतात, आणि बॅटरीचा दाब बारा-तेराचा. नऊ व्होल्टने बारा व्होल्टच्या बॅटरीत वीज चढत नाही. म्हणजे ‘अर्ध्या पॅनेलवर ऊन आहे, अर्धी तरी वीज मिळेल’ हा हिशेब इथे चुकतो. मिळते ती जवळजवळ शून्य.

हे विश्वासावर घ्यायची गरज नाही. कंट्रोलरला अँपिअर दाखवणारा पडदा असेल, किंवा मध्ये एक छोटा मीटर बसवला असेल, तर बॅटरी थोडी उतरलेली असताना भर दुपारी बघावं. १०० वॅटचं पॅनेल साधारण पाच अँपिअर देताना दिसेल. मग एका सेलवर वही आडवी धरावी. आकडा तिथल्या तिथे कोसळतो. झाडाची फांदी, दुकानाची पाटी, विजेच्या खांबाची लांबट सावली, आपल्याच गाडीवर रोवलेली मोठी छत्री, यांतलं काय किती वाजता पॅनेलवर येतं हे एकदा दिवसभर बघून घ्यावं. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ मोकळी असेल तर सकाळ-संध्याकाळच्या सावलीने फारसं बिघडत नाही, कारण दिवसभराची बहुतेक वीज त्याच वेळात येते. त्याच वेळात सावली असेल तर त्या गाडीवर पॅनेल बसवू नये, विकणारा काहीही म्हणो.

मग सावलीतल्या गाडीने काय करायचं? पॅनेल आणि गाडी वेगळी करायची. बेंगळुरूच्या सेल्को या कंपनीने ही वाट फार पूर्वी दाखवली. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये उभी केलेली ही कंपनी, हांडे यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी अशी रीत बसवली गेली की एक माणूस छतावरच्या पॅनेलवर बॅटऱ्या चार्ज करतो, संध्याकाळी दिवा आणि बॅटरी विक्रेत्याला भाड्याने देतो आणि रात्री परत नेतो. विक्रेत्याला पॅनेल विकत घ्यावं लागत नाही, सांभाळावंही लागत नाही. आपल्या चहावाल्यालाही पॅनेल घराच्या पत्र्यावर बसवून बॅटरी रोज नेता-आणता येते. पूर्वी हे बोलायला सोपं आणि करायला अवघड होतं, कारण ४० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी बारा-तेरा किलोची असते. २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी दोन-अडीच किलोची असते, पिशवीत घालून नेता येते.

लिथियम २० ची आणि शिशाची ४० ची, अशी जोडी मी उगाच लावलेली नाही. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत गेलं की लवकर मरते. म्हणजे तिच्यातले ४८० वॅट-तास कागदावरचे, वापरायचे २४०. लिथियम फॉस्फेटच्या २५६ पैकी दोनशेच्या वर बिनधास्त वापरता येतात. आपल्या गाडीला सूर्य मावळल्यापासून पुन्हा वर येईपर्यंत दिवे, संध्याकाळचा पंखा आणि एखादा फोन मिळून १३० वॅट-तास लागतात. दिवसाचा पंखा आणि चार्जिंग पॅनेलवरच परस्पर भागतं. म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांवर रात्र निघते आणि ढगाळ दिवसासाठी थोडं शिल्लकही राहतं. लिथियम घेताना कंट्रोलरवर तिचं सेटिंग आहे का ते विचारून घ्यावं. शिशाच्या बॅटरीला मधूनमधून जास्त दाब देऊन सारखं करण्याची सोय काही कंट्रोलरमध्ये असते, आणि ती लिथियमला घातक असते.

किटाबरोबर इन्व्हर्टर घ्या म्हणजे घरातला कुठलाही पंखा चालेल, हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो नाकारावा. घरातला टेबल फॅन ५० वॅटच्या आसपास खातो, डीसी पंखा १५. आठ तासांत हा फरक २८० वॅट-तासांचा होतो, म्हणजे आपल्या गाडीची एका दिवसाची सगळी गरज. वर इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाही काही वॅट जातात, दिवा लागो वा न लागो. दिवे, पंखा आणि मोबाइलची यूएसबी डबी हे तिन्ही बारा व्होल्टवर थेट चालतात. मग वीज एकदा चढवून पुन्हा उतरवायची कशाला?

दुकानात फसवणूक होते ती बहुधा पॅनेलच्या आकड्यात. ती ओळखायला मोजपट्टी पुरते. कडक उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट इतकं ऊन पडतं आणि चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणून अर्ध्या चौरस मीटरहून बरंच लहान पॅनेल असेल आणि मागच्या चिठ्ठीवर १०० वॅट छापलं असेल, तर ते १०० वॅटचं नाही. सगळं किट, म्हणजे पॅनेल, कंट्रोलर, लिथियम बॅटरी, पंखा, दिवे, वायर आणि लोखंडी फ्रेम, साधारण दहा ते पंधरा हजारांत बसतं. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, यावरून रकमेचा अंदाज यावा. शेजारच्या दुकानदाराला रोज तीस रुपये जात असतील तर बारा हजार रुपये चारशे दिवसांत वसूल होतात. रोज दहाच जात असतील तर तीन वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर शिशाची बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल. हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा.

बसवताना चहाच्या गाडीचा एक वेगळा धोका ध्यानात ठेवावा लागतो. गॅस सिलिंडर आणि बॅटरी एकाच गाडीत असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. बॅटरीच्या टोकांवर किंवा स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. म्हणून बॅटरीचा डबा सिलिंडरच्या खणात ठेवायचा नाही. दुसऱ्या टोकाला, थोडा उंच, शेगडीच्या आचेपासून लांब आणि हवा खेळती राहील असा ठेवायचा. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिला तर बंद पेटीत कोंडूच नये. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज हवाच. पत्र्याच्या कडेला घासून वायरचं आवरण फाटलं आणि तार पत्र्याला टेकली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. तो प्रवाह तोडणारा फ्यूजच असतो. वायर छतातून खाली आणताना भोकात रबरी बुश घालावा आणि वायरला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत कंट्रोलरपर्यंत न जाता झोलातच ठिबकून जाईल.

वायर जाड घ्यावी. बारा व्होल्टवर थोड्या वॅटलाही प्रवाह मोठा लागतो आणि बारीक वायर त्यातला दाब खाऊन टाकते. तीन मीटर लांबीवर तीन अँपिअर न्यायचे असतील तर अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास जातो, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्टही जात नाही. दिवा मिणमिणतो, पंखा रडतो, आणि दोष बॅटरीवर येतो. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलचा पूर्ण, वीस व्होल्टच्या वरचा दाब कंट्रोलरवर आला तर स्वस्तातले कंट्रोलर गडबडतात, कधी जळतातही. पंखा गाडीच्या बाजूच्या खांबावर, खांद्याच्या उंचीवर असा लावावा की वारा माणसाला आडवा लागेल. पाठीमागून लावला तर वारा थेट शेगडीवर जातो, ज्योत फडफडते आणि पंख्याची हवा गॅसच्या खर्चात पडते.

हातगाडी रोज खड्ड्यांतून ढकलली जाते, म्हणून घरावरच्या सोलरला न होणारे आजार हिला होतात. बॅटरीचे आणि कंट्रोलरचे स्क्रू सैल पडतात. स्प्रिंग वॉशर घातले तरी दर आठवड्याला एकदा पेचकस फिरवावा. दुसरा आजार दुधाच्या वाफेचा आणि शेजारच्या भज्यांच्या तेलाचा. त्या चिकट थरावर धूळ बसली की साध्या फडक्याने निघत नाही. पहाटे, पॅनेल थंड असताना, साबणाच्या पाण्याने पुसावं. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये.

सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: आधी दिवा साडेदहापर्यंत चालायचा, आता नऊलाच जातो. कंट्रोलर बॅटरी जास्त उतरू नये म्हणून दिवा तोडतो, त्याचं काम तो बरोबर करत असतो. प्रश्न असा की बॅटरी भरतच नाही, की भरलेली टिकत नाही? शिशाची बॅटरी असेल तर संध्याकाळी ऊन गेल्यावर, दिवे लावण्याआधी, सगळं बंद करून अर्धा तास थांबावं आणि मीटर लावावा. १२.७ व्होल्टच्या जवळ असेल तर ती भरलेली आहे. तरी नऊला दिवा जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली, बदलावी. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मीच भरली. दोष पॅनेलकडचा आहे: चिकट धूळ, सैल जोड, वाढलेली फांदी, किंवा दिवसा जास्त फोन लावले जातात. लिथियमचा दाब मात्र शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो, त्यावरून ती किती भरली हे नीट कळत नाही. तिच्यासाठी दुपारनंतर कंट्रोलरवर बॅटरी पूर्ण भरल्याची खूण येते की नाही हे पाहावं. ओळीने तीन-चार उन्हाच्या दिवशी ती आलीच नाही, तर पॅनेलपासून तपासायला सुरुवात करावी.

पावसाळ्यात सोलापूरची गाडी बरी तगते. ढगांनी उत्पादन निम्म्यावर, दीडशे वॅट-तासांवर आलं तरी पंखा बंद असल्याने दिवे आणि चार्जिंग भागतं. गिऱ्हाइकांचे फोन घेणं तेवढं आवरतं घ्यावं लागतं. रत्नागिरीत किंवा सावंतवाडीत जुलैमध्ये ओळीने आठ-आठ दिवस आभाळ गच्च राहतं, तिथे १०० वॅटच्या पॅनेलवर विसंबून चालत नाही. तिथल्या गाडीवाल्याने बॅटरीबरोबर लिथियमला चालणारा, १४.६ व्होल्टला थांबणारा भिंतीवरचा चार्जरही घ्यावा आणि जून ते सप्टेंबर बॅटरी रात्री घरच्या विजेवर लावावी. महिन्याचं बिल फार तर शंभराने वाढेल. शिशाची बॅटरी असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पावसाळाभर पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि ऑक्टोबरात ऊन परतलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.